१०० एमबीपीएस नेट असूनही क्लाउड गेमिंग अडकतं, मग स्पीड हवा तरी किती?

प्रश्न: "माझा लॅपटॉप ७-८ वर्षं जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. फायबरचं १०० एमबीपीएस नेट आहे, स्पीड टेस्टमध्ये ९० च्या पुढे येतो. तरी क्लाउड गेमिंगवर संध्याकाळी गेम मध्येच फ्रीज होतो, कधी बटण दाबल्यावर उशिरा हलतो. मित्र म्हणतो २०० चा प्लॅन घे. हे नक्की चालतं कसं, स्पीड किती लागतो आणि माझ्यासारख्याला याचा फायदा आहे का?"

२०० चा प्लॅन लगेच घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात स्पीड कमी पडतोय असं कुठेच दिसत नाहीये, आणि प्लॅन वाढवून ही अडचण जाईल असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं लाइव्ह व्हिडिओ कमीत कमी उशिराने पोचवायच्या कामात आहे आणि क्लाउड गेमिंग म्हणजे त्यातला सगळ्यात अवघड प्रकार, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी चालतं कसं ते बघू. गेम तुमच्या लॅपटॉपवर नसतोच, तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या एका मशीनवर चालतो ज्यात तगडं ग्राफिक्स कार्ड असतं. तुम्ही बटण दाबलं की तेवढी बारीकशी माहिती तिकडे जाते, तिकडे गेम पुढची फ्रेम काढतो, ती फ्रेम लगेच व्हिडिओ म्हणून दाबून लहान केली जाते, नेटवरून तुमच्याकडे येते, लॅपटॉप ती उलगडतो आणि स्क्रीनवर दाखवतो. ६० एफपीएसला हे सगळं सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद.

दाबून लहान करणं हा यातला फार मोठा भाग आहे. १०८०पी चं चित्र ६० एफपीएसला जसंच्या तसं पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट लागतील, ते एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ या कोडेकने २५ मेगाबिटच्या आसपास आणतात, म्हणजे शंभरपटीहून जास्त लहान, आणि तेही काही मिलिसेकंदांत. हे काम ग्राफिक्स चिपमधल्याच एका वेगळ्या एन्कोडर भागात होतं म्हणून जमतं.

आता तुम्ही म्हणाल की एवढाच व्हिडिओ तर आपण सिनेमा बघताना पण ओढतो, मग तो का अडकत नाही. कारण सिनेमा पुढचे काही सेकंद आधीच आणून ठेवतो. नेट मध्ये अर्धा सेकंद गेलं तरी साठ्यातलं दाखवत राहतो, तुम्हाला कळतही नाही. गेममध्ये पुढची फ्रेम तुम्ही काय दाबणार त्यावर ठरते, ती अजून तयारच झालेली नसते, मग साठवणार काय? त्यामुळे इथे साठा जवळजवळ शून्य असतो आणि नेटला लागलेली प्रत्येक उचकी सरळ डोळ्यांना दिसते. उशिरा आलेली फ्रेम ही न आल्यासारखीच, कारण तोवर पुढची आलेली असते. म्हणून यात सरासरी स्पीडपेक्षा प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, किती वेळात आणि किती नेमाने येतं हे जास्त महत्त्वाचं, आणि स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात नेमकं हेच दिसत नाही. ती टेस्ट काही सेकंदांची सरासरी काढते, त्यात मध्ये २०० मिलिसेकंद काहीच आलं नसलं तरी आकडा ९० च येतो!

स्पीडचा हिशोब तरी करून टाकू, कारण तो तुम्ही विचारलाय. एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या क्लाउड गेमिंग सर्व्हिसला ७२०पी ६० एफपीएससाठी १५ एमबीपीएस, १०८०पी ६० साठी २५, १४४०पी १२० साठी ३५ आणि ४के १२० साठी ४५ लागतो असं तेच सांगतात, आणि डेटा सेंटरपर्यंतचा जाऊन येऊन वेळ ८० मिलिसेकंदांच्या आत हवा असंही सांगतात. लोक पहिले आकडे वाचतात, ८० वाली ओळ सोडून देतात.

पण एक बारकावा आहे ज्यामुळे नेमकं २५ चं कनेक्शन असेल तर मजा येत नाही. २५ मेगाबिट भागिले ६० म्हणजे एक फ्रेम साधारण ५२ केबीची, तिची चाळीसेक पॅकेट होतात आणि ती सर्व्हरवरून एका दमात सुटतात. तुमच्या घराची लाइन बरोबर २५ ची असेल तर हे ५२ केबी यायलाच पूर्ण १६.७ मिलिसेकंद लागतात, लाइन १०० ची असेल तर साधारण ४. म्हणजे १०० च्या लाइनवर बारा-तेरा मिलिसेकंद नुसते वाचले. शिवाय मोठा स्फोट झाला, कॅमेरा गर्रकन फिरला, की ती फ्रेम दाबून पण मोठी राहते, तेव्हा मोकळी जागा लागते. म्हणून माझं मत असं की लागणाऱ्या स्पीडच्या दीड ते दोन पट लाइन असावी, १०८०पी ला ४०-५० असली की भरपूर झालं. त्यापुढे १०० चे २०० केले तर ४ चे २ मिलिसेकंद होतील, ते कोणालाही जाणवणार नाहीत. तुमच्याकडे आहे तेवढं पुरेसं आहे, आता ते बिघडतंय कुठे ते शोधायचं.

त्यासाठी आधी लक्षण नीट बघा, लोक सगळ्याला "लॅग" म्हणतात पण ते तीन-चार वेगळे आजार आहेत. चित्र धूसर किंवा चौकोनी ठोकळ्यांचं झालंय पण हालचाल गुळगुळीत आहे, तर बँडविड्थ कमी पडतेय आणि सर्व्हरने क्वालिटी खाली आणलीय. चित्र स्वच्छ, हालचालही गुळगुळीत, पण बटण दाबल्यावर सगळं उशिरा होतंय, तर जाऊन येऊन वेळ जास्त आहे. चित्र थांबतं आणि मग एकदम उडी मारून पुढे जातं, तर पॅकेट हरवतायत किंवा उशिरा येतायत. आणि चित्र सतत बारीक बारीक अडखळतंय, अगदी कमी क्वालिटी ठेवली तरी, तर लॅपटॉपलाच व्हिडिओ उलगडायला झेपत नाहीये. तुमच्याकडे दुसरं आणि तिसरं दोन्ही आहे आणि ते मुख्यतः संध्याकाळी होतंय, हा फार कामाचा धागा आहे.

आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि गेम चालू असतानाच हे चालवा (विंडोज धरून सांगतोय, बंद करायला Ctrl+C). पहिल्यात तुमच्या राउटरचा पत्ता, बऱ्याच घरी हा असतो, नसेल तर ipconfig मध्ये Default Gateway समोर दिसेल तो टाका.

```
ping -t 192.168.1.1
```

दुसऱ्यात बाहेरचा एखादा पत्ता.

```
ping -t 1.1.1.1
```

गेम खेळत राहा आणि फ्रीज झाला की लगेच दोन्हीकडे बघा. इथे सगळं उत्तर मिळतं. राउटर तुमच्याच घरात आहे, तिथला time समोरचा आकडा, म्हणजे जाऊन येऊन वेळ, १ ते ५ मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर असायला पाहिजे. तो २, ३, २, ३ असा चालला असताना मध्येच १८०, २४० असा उसळत असेल, तर अडचण लॅपटॉप आणि राउटरच्या मध्ये आहे, म्हणजे वायफायमध्ये, आणि नेट कंपनीचा, प्लॅनचा त्याच्याशी काही संबंध नाही. राउटरचा आकडा शांत आहे आणि फक्त बाहेरचा उसळतोय, तर राउटरच्या पुढे काहीतरी आहे.

वायफायचं आधी बोलू कारण मला भेटलेल्या तक्रारींत तेच जास्त निघतं. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचं, आणि यात फक्त तुमच्या घरातले नाही तर त्याच चॅनेलवरचे शेजारीपण आले. संध्याकाळी सगळे घरी येतात, सगळ्यांचे टीव्ही-मोबाइल चालू होतात आणि २.४ गिगाहर्ट्झचा बँड गच्च होतो, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ब्लूटूथसुद्धा याच बँडमध्ये चालतं, त्यामुळे ब्लूटूथ कंट्रोलर, ब्लूटूथ हेडफोन आणि २.४ चं वायफाय हे त्रिकूट एकत्र असेल तर आधी तेच मोडा. ५ गिगाहर्ट्झवर जा, जागा जास्त मिळते, फक्त तो भिंतीतून फार लांब जात नाही म्हणून राउटर असलेल्या खोलीतच बसून बघा. काही राउटर दोन्ही बँडला एकच नाव देतात आणि लॅपटॉप गुपचूप २.४ ला जाऊन चिकटतो, तर नावं वेगळी करा म्हणजे कुठे जोडलंय ते कळेल. आणि उसळी जर अगदी ठरावीक वेळाने येत असेल, घड्याळ लावल्यासारखी, तर बऱ्याचदा लॅपटॉपचं वायफाय मधूनच आजूबाजूची नेटवर्क शोधायला जातंय, तेवढा वेळ तुमचं काम थांबतं.

पण या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट करा, एक नेटवर्क केबल कोणाकडून तरी मागून आणा आणि एक संध्याकाळ लॅपटॉप सरळ राउटरला लावून खेळा. फ्रीज गायब झाला तर तपास संपला, आता वायफाय सुधारायचं की केबल कायमची ठेवायची एवढंच ठरवायचं. मला विचाराल तर केबल ठेवा.

केबल लावूनही होतंय आणि राउटरचा आकडा शांत आहे, तर दुसरा संशयित म्हणजे तुमचा अपलोड, आणि याच्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही. घरात संध्याकाळी कोणीतरी फोन चार्जिंगला लावतं आणि फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो. बऱ्याच प्लॅनमध्ये डाउनलोडच्या मानाने अपलोड कमी असतो, समजा १० एमबीपीएस आहे. बॅकअप तो पूर्ण भरून टाकतो आणि जास्तीची पॅकेट राउटर किंवा मोडेम स्वतःकडे रांगेत उभी करतो. ही रांग २५६ केबीची असली तर १० एमबीपीएसने ती रिकामी व्हायला साधारण २१० मिलिसेकंद लागतात. आता तुम्ही उडी मारायचं बटण दाबलं, ते शंभरेक बाइटचं पॅकेट त्या रांगेत सगळ्यात मागे उभं राहतं आणि २१० मिलिसेकंदांनी घराबाहेर पडतं. डाउनलोड पूर्ण मोकळा, चित्र स्वच्छ, स्पीड टेस्ट ९०, आणि तरी बटण दाबल्यावर उशीर! तुमचं "कधी उशिरा हलतो" मला अगदी याच्यासारखं वाटतंय. याला बफरब्लोट म्हणतात.

खात्री करायची तर दुसऱ्या खिडकीतला पिंग चालू ठेवा आणि फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. पिंग १५ वरून २०० च्या पुढे गेला आणि अपलोड थांबवल्याबरोबर परत १५ वर आला, तर हेच आहे. उपाय म्हणजे राउटरमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असं काही सेटिंग आहे का बघा, त्यात fq_codel किंवा cake असेल तर फारच छान, ते चालू करून अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा खऱ्या मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे रांग मोडेममध्ये न साठता राउटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्या पॅकेटांना पुढे काढतो. नुसतं क्यूओएस लिहिलेलं सेटिंग प्रत्येक राउटरमध्ये चांगलं असेलच असं नाही, लावून पिंग परत मोजा. सेटिंगच नसेल तर बॅकअप रात्री उशिराच्या वेळेला लावणं हाही पूर्ण उपाय आहे, पैसे न घालता.

केबल लावली, घरात दुसरं कोणी काही चालवत नाहीये आणि तरी रोज संध्याकाळी बाहेरचा पिंग चढतोच, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तेव्हा दुपारचे आणि संध्याकाळचे पिंगचे आकडे शेजारी ठेवून तक्रार करा, "नेट स्लो आहे" म्हटलं की ते स्पीड टेस्ट करायला सांगतात आणि ती तर पास होते.

अंतराचा भाग मात्र कोणालाच बदलता येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे डेटा सेंटर १००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन कमीत कमी १० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, मध्ये उपकरणं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात दुप्पट धरा. अॅपमध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर ऑटोवर न सोडता सगळ्यात जवळचा स्वतः निवडा आणि आकडा बघा. २०-३० आला तर उत्तम, ५० पर्यंत बहुतेक गेम चालतात, ८० च्या पुढे मी तरी पैसे भरायला सांगणार नाही.

एकूण उशीर कसा साठतो तेही बघून घ्या. बटण ते सर्व्हर १२, गेमचं स्वतःचं काम एक-दोन फ्रेम म्हणजे १७ ते ३३, एन्कोड ५, परत यायला १२ आणि फ्रेम पूर्ण उतरायला ४, उलगडायला ५ ते १०, स्क्रीनच्या पुढच्या रिफ्रेशची वाट ८ ते १६. सगळे मिळून ६५ ते ९० च्या घरात. यातला गेमचा आणि स्क्रीनचा वाटा घरच्या पीसीवरही असतोच, क्लाउडमुळे वाढलेले साधारण ४०. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू केलाय का बघा, काही टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात एकटेच नेटवर्कपेक्षा जास्त उशीर लावतात.

तुमच्या लॅपटॉपचं एक तपासा. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतं, पण व्हिडिओ उलगडायची सोय चिपमध्ये पाहिजे. ७-८ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एच.२६४ ची असतेच, एचईव्हीसीची बहुतेक असते, एव्ही१ ची नसते. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली Video Decode चा आलेख बघा, तो हलत असेल तर ठीक. तो शून्यावर आणि सीपीयू ९०-१०० टक्के, तर सगळं ओझं सीपीयूवर पडलंय, ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सलरेशन बंद असेल ते चालू करा किंवा ब्राउझर सोडून त्यांचं अॅप वापरा. आणि चार्जर लावून खेळा, बॅटरीवर चिप हळू होते.

आता फायदा कोणाला. तुमच्यासारख्यालाच सगळ्यात जास्त, असं मी मनापासून सांगेन, पण काय खेळता त्यावर. स्टोरीवाले, ओपन वर्ल्ड, स्ट्रॅटेजी, टर्न बाय टर्न, सिम्युलेशन, यात वाढीव ४० मिलिसेकंद पाचेक मिनिटांत हाताला सवयीचे होतात. आठवड्यातून चार-सहा तास खेळणाऱ्या माणसाने तेवढ्यासाठी महाग मशीन घेऊन ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही, शिवाय १०० जीबीचा गेम डाउनलोड करत बसायचं नाही, अपडेटची वाट बघायची नाही, जागा खाली करायची नाही. मॅकवाल्यांना जे गेम तिकडे येतच नाहीत ते मिळतात. घरात एकाच टीव्हीवर सगळ्यांना खेळायचंय, नवीन गेम विकत घ्यायच्या आधी चाखून बघायचाय, त्यांनाही छान.

ज्यांनी यात पडू नये ते म्हणजे फायटिंग गेम आणि स्पर्धात्मक शूटर गंभीरपणे खेळणारे. फायटिंग गेममध्ये ६० एफपीएसच्या दोन-तीन फ्रेमच्या फटीत वार अडवायचा असतो आणि ४० मिलिसेकंद म्हणजे तीच फट. तालावर बटण दाबायचे गेमही तसेच. मॉड टाकून खेळणाऱ्यांचा हिरमोड होतो कारण मशीन आपलं नसतं. हॉस्टेल, ऑफिस अशा ठिकाणी जिथे राउटर आपल्या हातात नाही तिथे वरचे उपाय लावता येत नाहीत. आणि डेटावर मर्यादा असणाऱ्यांनी आधी गुणाकार करावा, २५ एमबीपीएस म्हणजे तासाला ११ जीबीहून जास्त, रोज दोन तास खेळलं तर महिन्याला ६७५ जीबी. मोबाइल डेटावर तर हे नकोच, तिथे स्पीड असतो पण पिंग टॉवर बदलला, गर्दी झाली की नाचतो.

पैसे भरायच्या आधी आणखी एक बघा, तुमचा गेम त्या सर्व्हिसवर आहे का आणि तो कोणाच्या नावावर राहतो. जीफोर्स नाऊमध्ये तुम्ही दुसऱ्या स्टोअरवर घेतलेले गेम चालतात, सर्व्हिस सोडली तरी गेम तुमच्या खात्यात असतो, पण प्रकाशकाने परवानगी काढली तर तो तिथून जातो, २०२० मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे गेम असेच काढले गेले होते. एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये यादी भाड्याने मिळते आणि ती बदलत राहते. गूगल स्टेडियावर गेम तिथेच विकत घ्यावे लागायचे, ती सर्व्हिस नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, गूगलने गेमचे पैसे परत केले म्हणून लोक वाचले, पण प्रत्येक कंपनी करेलच असं नाही. म्हणून मी तरी ज्या सर्व्हिसवर गेम दुसरीकडेही माझ्याच खात्यात राहतो तीच धरतो.

तर आज संध्याकाळी केबल लावा, दोन्ही पिंग चालू ठेवा, घरातल्यांना बॅकअप बंद ठेवायला सांगून अर्धा तास खेळा आणि मग बॅकअप चालू करून अर्धा तास. दोन्ही वेळचे राउटरचे आणि बाहेरचे आकडे इथे टाका, कुठला सर्व्हर निवडला होता तेही लिहा, मी बघून सांगतो.